वर्षभर पार्सल आणणाऱ्याला वर्षअखेरीची चिठ्ठी आणि छोटी टिप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षाचे शेवटचे दोन-तीन आठवडे आले की हे प्रश्न येऊ लागतात, आणि दरवर्षी जवळपास तेच येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एकच माणूस वर्षभर पार्सलं आणतो आणि त्याची बेल वाजवायची पद्धतही घरच्यांच्या ओळखीची झाली आहे, अशा घरांसाठी यातला बहुतेक मजकूर आहे. पाकिटात चार ओळींची चिठ्ठी आणि थोडे पैसे, एवढाच मामला. पण तेवढ्यातही घोळ होतात, आणि काही घोळ त्या माणसाला महागात पडतात.

१. आमच्याकडे तर रोज वेगळा माणूस येतो. मग वर्षअखेरीला आभार नेमके कोणाचे मानायचे?

आधी तुमच्याकडे येणाऱ्यांत दोन प्रकार आहेत हे लक्षात घ्या. कुरिअरवाल्याला ठरलेला रूट असतो. सकाळी हबवरून त्या भागाची पार्सलं घेऊन तो निघतो आणि रोज त्याच गल्ल्यांतून फिरतो. त्यामुळे सुटीचे दिवस सोडले तर तोच तुमच्या दारी येतो. अ‍ॅपवरून झटपट सामान आणणाऱ्यांचं तसं नसतं. ऑर्डर पडते त्या क्षणी जवळ कोण मोकळा आहे त्यावर माणूस ठरतो, आणि तोच माणूस वर्षात दोनदा आला तरी तो योगायोगच.

वर्षअखेरीची चिठ्ठी पहिल्या प्रकारच्या माणसासाठी. दुसऱ्या प्रकारात हिशेब वर्षाचा नसतो, त्या त्या फेरीचा असतो. टिप त्याच वेळी द्यायची आणि रेटिंगही त्याच वेळी.

तुमच्याकडे ठरलेला माणूस आहे की नाही याची खात्री नसेल, तर मागच्या दोन-तीन महिन्यांतले पार्सल पोचल्याचे मेसेज चाळा. बऱ्याच मेसेजमध्ये आणणाऱ्याचं नाव असतं. मी याहून सोपी खूण धरतो. पत्ता न विचारता, फोन न करता जो थेट तुमच्या दाराशी येतो, तो तुमचा माणूस.

२. दोन वर्षं तेच दादा येतात, पण त्यांचं नाव माहीत नाही. आता विचारायला लाज वाटते.

विचाराच. “दादा, इतके दिवस तुम्ही येताय, नाव विचारायचं राहूनच गेलं” एवढं म्हटलं की झालं. याचं वाईट वाटलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. पाकीट द्यायच्या आठ-दहा दिवस आधी विचारलंत तर बरं, म्हणजे नाव विचारणं आणि पैसे देणं एकाच मिनिटात उरकल्यासारखं होत नाही.

मेसेजमध्ये दिसणारं नाव मात्र डोळे झाकून लिहू नका. ज्याच्या लॉगिनवर पार्सलं चढवलेली असतात त्याचं नाव तिथे येतं. कधी भावाच्या नावावर काम चालू असतं, कधी नवा माणूस जुन्याच्या लॉगिनवर शिकत असतो. चिठ्ठीवर भलत्याचंच नाव असेल तर आतला मजकूर कितीही मनापासून लिहिलेला असो, तो वाया गेला. एकाच लॉगिनवर असं दुसरंच कोणी काम करतं याबद्दल पुढे कोणाशी बोलू नका. का ते प्रश्न १० मध्ये आहे.

३. नुसते पैसे दिले तर चालत नाही का? चिठ्ठीचा एवढा घोळ कशाला?

चालतं. पैसे हातात देऊन “वर्षभर फार सांभाळलंत” म्हटलं तरी काही कमी पडत नाही. पण पार्सल देणाऱ्याचा तुमच्या दारातला मुक्काम मिनिटभराचा. त्यात तो फोनवर सही घेत असतो, पुढचा पत्ता बघत असतो, खाली गाडी उभी असते. तुम्ही बोललेलं त्याच्या कानापर्यंत पोचेलच असं नाही. चिठ्ठी तो दिवस संपल्यावर वाचतो. घरीही दाखवता येते.

४. चिठ्ठीत काय लिहायचं? आम्ही लिहायला बसलो की सगळं सत्कार समारंभातल्या मानपत्रासारखं होतं.

एका वाचक ताईंनी त्यांचा पहिला मसुदा पाठवला होता. त्यांच्या परवानगीने, थोडे तपशील बदलून इथे देतो. त्यांचे वडील तिसऱ्या मजल्यावर राहतात, पायाचं ऑपरेशन झालं आहे, वॉकर घेऊन चालतात. महिन्याची औषधं कुरिअरने येतात. मसुदा असा होता :

> आदरणीय महोदय, आपण वर्षभर दिलेल्या तत्पर व अमूल्य सेवेबद्दल आमचे कुटुंब आपले मनःपूर्वक आभारी आहे. माझे वडील दिवसभर घरी एकटेच असतात, त्यामुळे आपला मोठा आधार वाटतो. ओटीपीसाठी न अडता आपण पार्सल देता याबद्दल विशेष आभार. पुढील वर्षीही अशीच सेवा मिळावी ही अपेक्षा. सोबत छोटीशी भेट.

पहिलं वाक्य कोणालाही लिहिता येईल, बँकेला किंवा बससेवेलासुद्धा. त्यातून त्या माणसाला स्वतःबद्दल काहीच कळत नाही. दुसरं वाक्य भावनेने बरोबर आहे, पण कागदावर नको. चिठ्ठी खिशातून पडते, हबवर चार जणांच्या हातात जाते, आणि “वडील दिवसभर एकटे असतात” ही माहिती भलत्या माणसापर्यंत पोचायला तेवढं पुरतं. त्या दादांवर अविश्वास नाही, कागदावर आहे. तिसऱ्या वाक्यातली स्तुती म्हणजे त्याने नियम मोडल्याचा लेखी पुरावाच. चौथ्या वाक्याने सगळ्या आभारांचं रूप पालटतं, कारण “अपेक्षा” आली की पैसे पुढच्या वर्षाच्या आगाऊ रकमेसारखे दिसतात.

मी ताईंना एकच विचारलं, “वडील त्या दादांबद्दल तुम्हाला काय सांगतात?” त्या लगेच म्हणाल्या की बेल वाजवून ते थांबतात आणि दाराबाहेरूनच “आजोबा, सावकाश या” म्हणतात. एकदा धो धो पावसात औषधांचा खोका त्यांनी स्वतःच्या रेनकोटात गुंडाळून आणला होता आणि स्वतः भिजले होते. म्हणजे चिठ्ठी तयारच होती. ती शेवटी अशी झाली :

> दादा,
> बाबांना दाराशी यायला वेळ लागतो. तुम्ही बेल वाजवून थांबता आणि बाहेरून “आजोबा, सावकाश या” म्हणता, हे ते मला दर वेळी सांगतात. त्या पावसात औषधांचा खोका कोरडा आला आणि तुम्ही भिजलात, तेही आमच्या लक्षात आहे.
> सोबत थोडे पैसे आहेत. ते तुमच्यासाठी आहेत, कुठल्या पार्सलचे नाहीत.
> – तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आणि त्यांची मुलगी

खऱ्या चिठ्ठीत “दादा”च्या आधी त्यांचं नाव होतं. खाली सही करताना घरच्यांची आडनावं लिहायची गरज नसते, कारण त्याच्या डोक्यात घरं मजल्याने, दाराच्या रंगाने आणि कुत्र्याने लक्षात राहतात. “कुत्रा भुंकतो ते घर” अशी सही केलेली एक चिठ्ठीही माझ्या पाहण्यात आली आहे. ती अगदी बरोबर होती.

“कुठल्या पार्सलचे नाहीत” ही ओळ का ठेवली ते प्रश्न ८ मध्ये आहे.

५. त्यांना मराठी वाचता येत नसेल तर?

ज्या भाषेत ते दाराशी बोलतात, त्या भाषेत लिहा. लिपी कोणती चालेल याची शंका असेल तर चिठ्ठी अजून लहान करा. दोन वाक्यं, मोठं अक्षर, जोडून न लिहिलेलं. पाकीट देताना तीच दोन वाक्यं तोंडानेही सांगा, म्हणजे कागद न वाचताही निरोप पोचतो. घरातल्या लहान मुलाने काढलेलं चित्र असेल तर तेही चालतं, फक्त त्यावर तुमचा पूर्ण पत्ता आणि मुलाच्या शाळेचं नाव नको.

६. टिप किती द्यावी?

आकडा मी देणार नाही, कारण तो तुमच्या खिशावर आणि तुमच्याकडे किती पार्सलं येतात त्यावर ठरतो. पण आकड्यापर्यंत पोचायची एक रीत सांगतो. तो माणूस सबंध दिवस रस्त्यावर असतो, तर त्याच्या एका दिवसाच्या खाण्यापिण्याचा खर्च निघेल इतकी रक्कम धरा. ज्या घरी महिन्यात एखादंच पार्सल येतं त्यांना तेवढं भरपूर. आठवड्यातून तीन-चार पार्सलं येत असतील, त्यातली काही जड असतील आणि लिफ्ट नसेल, तर त्याच्या दुप्पट-तिप्पट करा.

दोन गोष्टी मात्र पाहा. पुढच्या वर्षी तेवढीच देता येईल अशी रक्कम असावी. एका वर्षी हात सैल सोडला आणि पुढच्या वर्षी आवळला, तर आपलं काय चुकलं असा विचार तो करत बसतो. आणि एवढी मोठी नको की घेताना त्याला संकोच वाटेल. “छोटी टिप” म्हणतात ते उगाच नाही.

७. रोख द्यायची, फोनवरून पाठवायची की अ‍ॅपमधून?

ठरलेल्या रूटवरच्या कुरिअरवाल्याला रोख बरी. ती लगेच हातात पडते आणि कोणाच्या हिशेबातून जात नाही. बंद पाकिटात द्या, दाराशी मोजून नको.

अ‍ॅपमधली टिप त्या एका ऑर्डरला चिकटलेली असते. ती ऑर्डर ज्याने आणली त्यालाच ती जाते. त्यामुळे मागच्या महिन्यात आलेल्या भल्या माणसासाठी म्हणून आजच्या ऑर्डरवर टिप टाकलीत, तर ती आज आलेल्याला मिळेल. शिवाय बऱ्याच अ‍ॅपमध्ये पोचल्यानंतर ठराविक वेळच टिप देता येते, नंतर तो पर्याय निघून जातो. पैसे भरण्याआधी टिपच्या रकमेखाली लिहिलेली बारीक ओळ वाचा. पूर्ण रक्कम आणणाऱ्याला जाते की त्यातून काही कापलं जातं, ते तिथेच कळतं.

फोनवरून थेट पाठवायचे असतील तर त्याचा नंबर त्याच्याकडूनच, समोरासमोर घ्या. पार्सलच्या वेळी ज्या नंबरवरून फोन येतो तो पुष्कळदा त्याचा नसतोच. तुमचा आणि त्याचा खरा नंबर एकमेकांना दिसू नये म्हणून कंपनी मधे तात्पुरता नंबर ठेवते, आणि पार्सल पोचलं की तो बंद होतो. त्यावर पैसे पाठवायचा प्रयत्न फुकट जातो. भलत्याच कोणाला पोचले तर परत मागायची पंचाईत.

८. पाकीट कधी द्यायचं? शेवटच्या दिवशीच द्यावं का?

शेवटचा आठवडा टाळलात तर त्याच्यावर उपकार होतील. वर्षअखेरीला पार्सलांचा लोंढा असतो. नेहमीच्या रूटवर जादा पार्सलं चढवलेली असतात आणि मदतीला तात्पुरती माणसं घेतलेली असतात. त्या आठवड्यात तुमच्या दारी नेमका दुसराच कोणी येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दोन-तीन आठवडे आधी द्या. पाकीट तयार करून दाराजवळच्या खणात ठेवलं म्हणजे बेल वाजल्यावर शोधाशोध नको. “जरा थांबा हं” म्हणून त्याला पाच मिनिटं दारात उभं केलं, तर पुढच्या पाच घरांना उशीर होतो आणि त्याची बोलणी तो खातो.

पार्सल कॅश ऑन डिलिव्हरीचं असेल तर त्या दिवशी पाकीट देऊ नका, किंवा दिलंत तर पार्सलचा व्यवहार पूर्ण संपल्यावर द्या. त्याला रात्री हबवर जमा झालेल्या रोकडीचा पैन् पै हिशेब द्यावा लागतो. पार्सलचे पैसे आणि टिप एकाच मुठीत दिली की त्याच्या पाऊचमध्ये सगळं एकत्र होतं. मग जास्तीचे पैसे कुठून आले हे शोधत बसावं लागतं, नाहीतर पुढच्या घरी सुटे देताना तुमची टिप निघून जाते. म्हणून चिठ्ठीतली ती “कुठल्या पार्सलचे नाहीत” ओळ. पाकीट बाकीच्या कागदांत मिसळलं तरी आतले पैसे कशाचे आहेत ते त्याला कळतं.

९. आम्ही दोघंही कामावर असतो, पार्सल सिक्युरिटी डेस्कवर ठेवलं जातं. पाकीट तिथे ठेवलं तर?

ठेवता येतं, पण डेस्कवर तीन पाळ्यांत माणसं बदलतात. सकाळच्या पाळीत दिलेलं पाकीट संध्याकाळच्या माणसाला ठाऊक नसतं, आणि ते गहाळ झालं तर उगाच तिघांवर संशय. तिथे ठेवायचंच असेल तर आत फक्त चिठ्ठी ठेवा, आणि त्यात “शनिवारी आम्ही घरी असतो, त्या दिवशी आलात तर वर या” असं लिहा. पैसे त्या दिवशी हातात द्या.

दाराच्या कडीत, मॅटखाली किंवा बुटांच्या कपाटात पैशांचं पाकीट नको. दर वर्षी कोणीतरी ठेवतं आणि दर वर्षी कोणाचं तरी नाहीसं होतं. पार्सलबरोबर दारात फोटो काढायचा नियम असेल तर ते पाकीट त्या फोटोतही येतं.

१०. त्यांच्या कंपनीला कौतुकाचा मेल पाठवला तर त्यांना फायदा होईल ना?

होऊ शकतो. तोटाही होऊ शकतो, आणि तो तुमच्या लक्षातही येणार नाही. या पानावरचं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याला ज्या गोष्टींचं कौतुक वाटतं त्यातल्या अर्ध्या नियमाबाहेरच्या असतात. “आम्ही नसलो तर शेजारी ठेवून जातात.” “ओटीपी नंतर पाठवला तरी चालतो.” “सकाळी आम्ही नसतो म्हणून पार्सल स्वतःजवळ ठेवून रात्री परत येतात.” “कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे दुसऱ्या दिवशी दिले तरी सांभाळून घेतात.” तुमच्यासाठी हा चांगुलपणा. मेल वाचणाऱ्या अधिकाऱ्यासाठी मात्र पार्सल भलत्या हातात दिलं, पोचण्याआधी पोचल्याची नोंद केली, रोकड वेळेत जमा केली नाही, असे हे प्रकार. एका घरच्यांनी असाच भरभरून मेल लिहिला आणि पुढच्या आठवड्यात त्यांचा माणूस हिरमुसल्या तोंडाने म्हणाला, “मॅडम, तुम्ही काय लिहिलंत? मला बोलावून विचारलं.” त्या बिचाऱ्यांना काय बोलावं सुचेना.

तेव्हा मेलमध्ये नियमात बसणारं तेवढंच लिहा. वेळेवर येणं, खोका न चेपता आणणं, जड सामान नीट खाली ठेवणं, वयस्कर माणसांशी नीट बोलणं. एकच प्रसंग निवडा. त्या दिवसाच्या पार्सलचा ट्रॅकिंग नंबर आणि तारीख द्या, कारण नावावरून माणूस सापडेलच असं नाही, ट्रॅकिंग नंबरावरून नक्की सापडतो. टिपचा उल्लेख करू नका. काही कंपन्यांत ग्राहकांकडून रोख घ्यायला मनाई असते आणि तुमच्या त्या एका वाक्याने तो अडकेल.

कुठे पाठवायचा हाही प्रश्नच आहे. ग्राहकसेवेच्या तक्रार फॉर्मवर कौतुक लिहिलं तर यंत्रातून आपोआप “आपली तक्रार निकाली काढली आहे” असं उत्तर येतं आणि गोष्ट तिथेच संपते. तुमच्या भागाच्या हबच्या प्रमुखाला लिहिता आलं तर बरं. नाहीतर पार्सल पोचल्यावर येणाऱ्या रेटिंगच्या मेसेजमध्ये दोन ओळी लिहा. ते थेट त्या फेरीला जोडलं जातं.

११. पैशांऐवजी काही वस्तू दिली तर जास्त आपुलकीचं नाही का वाटणार?

त्याच्या पाठीवरच्या पिशवीकडे एकदा बघा. ती आधीच तुडुंब असते. सकाळी दिलेली वस्तू त्याला संध्याकाळपर्यंत वागवावी लागते, तीही पार्सलांच्या ढिगात जपून. काचेचं, वितळणारं, सांडणारं, मोठ्या खोक्यातलं काहीच नको. खिशात मावेल आणि रस्त्यावर उपयोगी पडेल असं काही असेल, उदाहरणार्थ गाडी चालवताना घालायचे हातमोजे, तर जरूर द्या, पण मापाचा अंदाज घेऊन. घरातली वापरलेली वस्तू आभार म्हणून देऊ नका. ती द्यायची तर वेगळ्या दिवशी आणि “तुम्हाला उपयोग होईल का?” असं विचारून.

१२. त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला तर आग्रह करावा का?

एकदा म्हणा, “चिठ्ठी तरी घ्या.” पुन्हा नको म्हणाले तर तिथेच थांबा. कदाचित कंपनीचा नियम असेल, कदाचित जिन्यावर दुसरं कोणी उभं असेल, कदाचित त्यांना खरंच नको असतील. कारण विचारू नका. पैसे जबरदस्तीने खिशात कोंबणं हा आपल्याकडचा आवडता प्रकार, पण अंगावर कॅमेरा किंवा दारात सीसीटीव्ही असेल तर ते दृश्य कसं दिसेल याचा विचार करा. अशा वेळी प्रश्न १० मधला मेल जास्त कामाचा.

१३. वर्षभर उत्तम होतं, पण एकदा त्यांच्या हातून पार्सल फुटलं. टिप कमी करावी का?

फुटलेल्या पार्सलची तक्रार तेव्हाच, ज्याने पाठवलं त्याच्याकडे करायची असते. वर्षअखेरीच्या पाकिटातून ती वसूल करू नका. खोका आतून नीट भरलेला नव्हता की हाताळताना पडला, हे दारात उभं राहून आपल्याला कळत नाही. चिठ्ठीत “एक प्रसंग सोडला तर” असं तर मुळीच लिहू नका.

वारंवार त्रास झाला असेल, म्हणजे घरी असूनही “ग्राहक उपलब्ध नाही” असे मेसेज येत राहिले असतील, तर पाकीट देऊ नये. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

१४. सप्टेंबरपर्यंत एक दादा येत होते, मग रूट बदलला आणि आता एक ताई येतात. पाकीट कोणाला?

दोघांना, वेगवेगळी. ताईंना तीन-चार महिन्यांच्या मानाने लहान रक्कम आणि त्यांच्याबद्दलची चिठ्ठी. आधीच्या दादांचं कौतुक त्यांच्या चिठ्ठीत आणू नका, तुलना केल्यासारखं होतं.

आधीच्या दादांपर्यंत पोचायचं तर ताईंनाच विचारा, “ते आता कुठल्या रूटवर असतात? हबवर भेट होते का?” रोज सकाळी सगळे एकाच हबवर पार्सलं लावत असतील तर चिठ्ठी त्यांच्या हाती पाठवता येते. पैसे त्यांच्या हाती देऊ नका. अविश्वास म्हणून नव्हे, दुसऱ्याचे पैसे दिवसभर सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर कशाला? चिठ्ठीत “या बाजूला आलात तर बेल वाजवा” एवढं लिहा. तोवर पाकीट घरात ठेवायला काही हरकत नाही.

१५. आमच्या इमारतीत सगळ्यांनी मिळून द्यायचं ठरलं आहे. ते बरं का?

रक्कम जमवायला बरं, चिठ्ठीसाठी वाईट. सामूहिक चिठ्ठी हमखास मानपत्र होते. पैसे एका पाकिटात द्या, पण प्रत्येक घराने आपापली एक ओळ लिहिलेला कागद त्यात टाका. कोणी किती दिले याची यादी आत घालू नका. आणि जमवणाऱ्याने ग्रुपवर दात्यांची नावं जाहीर करू नयेत. ज्यांच्याकडे पार्सलं येतच नाहीत त्यांना यात का ओढायचं?

१६. पोस्टमनलाही असंच पाकीट द्यायचं का?

चिठ्ठी जरूर द्या. पैशांचं मात्र आधी पाहून घ्या. सरकारी टपालखात्याचा माणूस सरकारी कर्मचारी असतो आणि त्याला भेटवस्तूंचे नियम लागू असतात. ते देशागणिक वेगळे आहेत. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या टपालसेवेत कर्मचाऱ्याला ग्राहकाकडून रोख रक्कम अजिबात घेता येत नाही. एका प्रसंगी 20 डॉलरपर्यंतची वस्तू चालते, आणि एका ग्राहकाकडून सबंध वर्षात मिळून 50 डॉलरच्या वर नाही. तुमच्या इथला नियम टपाल कार्यालयात विचारा, पोस्टमनला विचारू नका. त्याला दारात “नाही” म्हणायला लावणं बरं नव्हे.

१७. पाकीट देतानाचा व्हिडिओ काढून टाकला तर? इतरांनाही कल्पना सुचेल.

नको. त्याचा चेहरा, गणवेश, कंपनी आणि हातातले पैसे एकाच चित्रात येतात, आणि कंपनीत रोख घ्यायला मनाई असेल तर काय होईल हे प्रश्न १० वाचून लक्षात येईल. “काढू का?” असं विचारलंत तरी पाकीट हातात असताना तो नाही म्हणू शकत नाही, म्हणून ती परवानगी धरता येत नाही. चिठ्ठीचा फोटो, नाव झाकून, टाकायचा तर टाका.

१८. “तुमच्या डिलिव्हरी पार्टनरला वर्षअखेरीची टिप द्या” असा लिंक असलेला मेसेज आला आहे. खरा असतो का?

मेसेजमधल्या लिंकवरून टिप देऊ नका. वर्षअखेरीला पार्सलांची गडबड असते, कोणाचं काय यायचं आहे ते कोणालाच नीट आठवत नसतं, आणि फसवणाऱ्यांना तेच हवं असतं. खरा पर्याय असेल तर तो तुमच्या अ‍ॅपमध्ये, त्या ऑर्डरच्या पानावर दिसेल. अ‍ॅप स्वतः उघडून बघा.

फोन करून “मी तुमचा नेहमीचा कुरिअरवाला, टिप या नंबरवर टाका” म्हणणाऱ्याचंही तसंच. “उद्या आलात की हातातच देतो” म्हणा. नेहमीचा माणूस असेल तर तो उद्या येणारच आहे. आणि पैसे घेण्यासाठी कोणालाही तुमचा ओटीपी लागत नाही. पार्सलचा ओटीपी पार्सल समोर आल्यावर द्यायचा, आणि बँकेचा कोणालाच नाही.